निरोप घेताना, एका आकड्याबद्दल

या शुक्रवारी मी कंपनी सोडते आहे. नोटीस पिरियड संपत आलाय, हँडओव्हरची कागदपत्रं लिहून झालीत आणि आता आभार मानायचे राहिलेत. "सगळ्या टीम्सचे मनापासून आभार" असं लिहून मोकळं होता आलं असतं. पण ते वाक्य वाचून सपोर्टमध्ये बसणाऱ्या माणसाला काय कळणार? त्याने नेमकं काय केलं होतं, ते मला माहीत आहे आणि मी ते विसरलेले नाही, हे त्याच्यापर्यंत पोचायला हवं. म्हणून सगळ्या वर्षांचा आढावा घेण्याऐवजी मी एकच काम निवडलंय. त्यात जवळजवळ प्रत्येक टीमचा हात होता, आणि ते इतकं सुरळीत पार पडलं की बाहेर कुणाला त्याचा पत्ताही लागला नाही. ज्या कामात काही बिघडत नाही त्याची गोष्ट सहसा कुणी सांगत नाही, म्हणून ती मी सांगते.

नावं मी मुद्दाम लिहीत नाहीये. ज्याचं त्याला ओळखू येईल. कंपनीचे खरे आकडेही देणार नाही, ते कंपनीचे आहेत. हिशेब समजावा म्हणून ढोबळ आकडे घेतलेत. आणखी एक. इथे काय सुधारता येईल याबद्दल माझी जी मतं होती ती मी जाण्यापूर्वीच्या बैठकीत, ती अमलात आणू शकतील अशा माणसांसमोर सांगितली आहेत. त्यांची जागा तीच. मागे राहणाऱ्या माणसाला उत्तर द्यायची सोय नसताना त्याच्या कामाबद्दल जाहीर काही लिहिणं मला पटत नाही.

तर तो आकडा: २,१४,७४,८३,६४७.

संगणकात पूर्ण संख्या साठवायला ३२ बिटांची जागा दिली आणि त्यातला एक बिट अधिक-उण्याच्या चिन्हासाठी ठेवला, की उरलेल्या ३१ बिटांत मावणारी सगळ्यात मोठी संख्या ही. आमच्या व्यवहारांच्या टेबलमध्ये प्रत्येक नव्या नोंदीला एक क्रमांक मिळतो, आधीच्यापेक्षा एकाने मोठा. टेबल पहिल्यांदा बनलं तेव्हा त्या क्रमांकाला ३२ बिट दिले गेले. त्या काळी हीच सर्रास पद्धत होती. रेल्स या प्रसिद्ध फ्रेमवर्कमध्येसुद्धा २०१७ मध्ये ५.१ ही आवृत्ती येईपर्यंत नव्या टेबलांना आपोआप तेवढीच जागा मिळायची. दोनशे चौदा कोटी म्हणजे न संपणारा आकडा वाटतो. पण कंपनी वाढली, व्यवहार वाढले, आणि एके दिवशी तो आकडा डोळ्यांसमोर दिसायला लागला.

तो पहिल्यांदा दिसला डेटाबेस टीमला. त्यांचं एक साधं साप्ताहिक काम होतं. प्रत्येक टेबलचा क्रमांक कुठवर आलाय आणि मर्यादा किती, याचं गुणोत्तर काढायचं आणि ७० टक्क्यांच्या वर गेलं की सांगायचं. समजा, टेबलमध्ये १५० कोटी नोंदी झाल्यात आणि रोज ४० लाखांची भर पडतेय. शिल्लक राहिले सुमारे ६४ कोटी ७५ लाख. भागाकार केला की १६१ दिवस. म्हणजे पाच महिने आणि काही दिवस. ऐकायला भरपूर वाटतात, पण तेवढे हातात नसतात, हे पुढे येईलच. मर्यादा गाठली की पुढची नोंद डेटाबेस स्वीकारत नाही. `integer out of range` किंवा `reached maximum value of sequence` असा निरोप येतो आणि नवा व्यवहार होतच नाही. हळूहळू बिघडत जाणं, वेग मंदावणं, असं काही आधी दिसत नाही. शेवटचा क्रमांक वापरेपर्यंत सगळं ठणठणीत असतं आणि त्याच्या पुढच्या नोंदीला सगळं थांबतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये बेसकॅम्पच्या सॉफ्टवेअरवर हीच वेळ आली होती. काही तास वापरणाऱ्यांना जुनं वाचता येत होतं, नवं काही लिहिता येत नव्हतं. त्यांनी कारण जाहीरपणे सांगितलं, आणि त्या प्रामाणिकपणाचा फायदा पुढे आमच्यासारख्या अनेकांना झाला.

त्या साप्ताहिक तपासणीबद्दल डेटाबेस टीमचे पहिले आभार. दर आठवड्याला काहीही न सापडणारी तपासणी वर्षानुवर्षं चालू ठेवणं सोपं नसतं.

आता यावर उपाय काय? सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे कॉलमचा प्रकार बदलून ६४ बिटांचा करायचा. एका ओळीची आज्ञा आहे. पण आमच्या डेटाबेसमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसमध्ये, ती आज्ञा दिली की तो सगळं टेबल पहिल्यापासून नव्याने लिहून काढतो आणि ते होईपर्यंत त्या टेबलला कुणालाही हात लावू देत नाही. लिहायला नाही आणि वाचायलाही नाही. दीडशे कोटी नोंदी लिहायला कित्येक तास लागतील. तेवढा वेळ सगळे व्यवहार बंद ठेवणं आम्हाला शक्य नव्हतं.

दुसरा मार्ग काहींना आकर्षक वाटत होता. हे क्रमांक सोडून द्यायचे आणि लांबलचक अक्षर-अंकी ओळख द्यायची, जी कधी संपतच नाही. तांत्रिकदृष्ट्या विचार चांगला होता. पण त्या बैठकीत सपोर्ट टीममधल्या एका ताईंना बोलावलेलं होतं. त्या म्हणाल्या, "लोक आम्हाला फोनवर हा नंबर वाचून दाखवतात. काहींच्या हातात दोन-दोन वर्षांपूर्वीची पावती असते. जुना नंबर बदललात तर त्यांचा व्यवहार मी शोधायचा कसा? आणि छत्तीस अक्षरं फोनवर कोण वाचणार?" खोलीतला वाद तिथेच संपला. ठरलं की क्रमांक तेच राहणार, त्यांची जागा तेवढी रुंद करायची. आम्ही टेबलच्या आत बघत होतो. तो क्रमांक टेबलमधून बाहेर पडल्यावर कुणाकुणाच्या हातात जातो ते फक्त त्यांना माहीत होतं. सपोर्ट टीम, त्या दिवशी तुम्ही आम्हाला काही महिन्यांच्या चुकीच्या वाटेवरून वाचवलंत. तेव्हा घाईत नीट सांगायचं राहून गेलं, आता सांगते.

मग मार्ग उरला तो लांबचा. मूळ कॉलमच्या शेजारी ६४ बिटांचा एक नवा, रिकामा कॉलम टाकायचा. रिकामा कॉलम टाकायला क्षणभरच लागतो. त्यानंतर एक ट्रिगर बसवायचा, म्हणजे येणारी प्रत्येक नवी नोंद आपला क्रमांक दोन्हीकडे लिहील. मग जुन्या नोंदी मागून भरत यायच्या, थोड्या थोड्या करून:

```sql
UPDATE payments SET id_new = id
WHERE id BETWEEN 1 AND 10000
  AND id_new IS NULL;
```

मग पुढच्या दहा हजार. मग त्यापुढच्या. दीडशे कोटी नोंदी म्हणजे दीड लाख खेपा. एका खेपेला विश्रांतीसकट दोन सेकंद धरले तर तीन लाख सेकंद, म्हणजे साडेतीन दिवसांत काम व्हायला हवं. कागदावर. प्रत्यक्षात मध्ये थांबावं लागतं, कारण पोस्टग्रेस नोंद बदलतो म्हणजे जुनी तशीच ठेवून शेजारी नवी लिहितो, आणि जुनी नंतर सावकाश साफ करतो. लिहिण्याचा वेग साफसफाईच्या वेगापेक्षा वाढला की टेबल फुगायला लागतं, डिस्क भरत जाते, आणि राखीव सर्व्हरवर जाणारी प्रत मागे पडते. डेटाबेस टीमने स्क्रिप्टमध्येच बंदोबस्त केला होता. राखीव प्रत ठरावीक सेकंदांपेक्षा मागे पडली की स्क्रिप्ट आपण होऊन थांबायची, प्रत जवळ आली की पुन्हा सुरू व्हायची. गर्दीच्या वेळी तर ती जवळजवळ झोपूनच असायची. आम्ही पडद्यावर तो आलेख बघायचो, वर जाणारा, सपाट होणारा, पुन्हा वर जाणारा. घाई कुणी केली नाही. घाई करायला न लावणारे वरिष्ठ लाभले, हीसुद्धा आभार मानण्यासारखीच गोष्ट आहे.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. मुख्य टेबल रुंद केलं म्हणजे भागलं असं नसतं. तो क्रमांक जिथे जिथे उतरवून ठेवलेला असतो त्या सगळ्या जागा आधी रुंद व्हायला लागतात. परताव्यांच्या टेबलमध्ये मूळ व्यवहाराचा क्रमांक असतो, तक्रारींच्या टेबलमध्ये असतो, रोजच्या अहवालांच्या टेबलांमध्ये असतो. यातली एक जरी जागा अरुंद राहिली, तरी मुख्य टेबल मर्यादा ओलांडून पुढे जाईल आणि पहिला परतावा मात्र अडकेल. या सगळ्या जागांची यादी अहवाल टीमने करून दिली. कुठला क्रमांक कुठून कुठे वाहत जातो याचा त्यांनी काढलेला नकाशा मी जपून ठेवण्याजोगा मानते, आणि तो हँडओव्हरच्या फोल्डरमध्ये सगळ्यात वर ठेवला आहे.

आता टेस्टिंग टीमबद्दल. इथे मी थोडी रेंगाळणार आहे.

आमचा बेत असा होता की सगळं बदलून झालं की चाचणीच्या सर्व्हरवर नेहमीच्या चाचण्या चालवायच्या. टेस्टिंगमधला एक मुलगा म्हणाला, "पण चाचणीच्या सर्व्हरवर क्रमांक अजून काही हजारांत आहेत. त्यांवर सगळं चालेलच. मर्यादेपलीकडचा क्रमांक आपण बघितलाय कुठे?" आणि त्याने चाचणीच्या सर्व्हरवर ही ओळ चालवली:

```sql
ALTER SEQUENCE payments_id_seq
  AS bigint RESTART WITH 2147483648;
```

म्हणजे पुढचा क्रमांक थेट मर्यादेच्या पलीकडचा. मग त्याने शांतपणे एक व्यवहार केला. सर्व्हर म्हणाला झाला. टेबलमध्ये नोंद होती. वेबवर पानही उघडलं. मग त्याने मोबाइल उचलला, अ‍ॅप उघडलं, आणि व्यवहारांची यादी कोरी होती. तो नवा व्यवहार तर नव्हताच, आधीचे सगळेही गायब. अ‍ॅपमध्ये तो क्रमांक ३२ बिटांच्या `int` मध्ये वाचला जात होता. एक क्रमांक मावला नाही, वाचण्याचं काम तिथेच मोडलं, आणि त्याच्याबरोबर सगळी यादी गेली. सर्व्हरच्या बाजूने बघणाऱ्याला काहीच दिसलं नसतं, कारण सर्व्हरने उत्तर बरोबर दिलं होतं. लॉगमध्ये सगळं हिरवं, आणि माणसाच्या हातातला पडदा कोरा.

त्या दुपारी हे दिसलं नसतं तर ते कधी दिसलं असतं, याचा मी नंतर खूपदा विचार केला. मर्यादा ओलांडल्याच्या दिवशी, एकाच वेळी सगळ्यांना. आपण काय तपासत नाही आहोत, हे विचारणारा माणूस टीममध्ये असणं किती मोलाचं असतं ते मी त्या दिवशी बघितलं. पुढे कुठेही काम केलं तरी कुठल्याही मर्यादेची चाचणी मी त्याच्यासारखीच करणार: मर्यादेपलीकडे उभं राहून मागे बघायचं.

मोबाइल टीमसमोर मग सगळ्यात अवघड भाग आला. कोडमध्ये `int` चा `Long` करायला फार वेळ लागत नाही. पण सर्व्हरवरचा बदल आज केला तर आज सगळ्यांना मिळतो, अ‍ॅपचं तसं नाही. लोक अ‍ॅप अपडेट करतात तेव्हा करतात. काहींचे फोन जुने असतात, काहींची जागा भरलेली असते, काहींनी आपोआप अपडेट होणं बंद ठेवलेलं असतं. म्हणून ते १६१ दिवस पुरेसे नव्हते म्हटलं. त्यातले बहुतेक दिवस जुन्या आवृत्त्या वापरातून जाण्याची वाट बघण्यात जाणार होते. मोबाइल टीमने दुरुस्ती पहिल्या आठवड्यातच बाहेर काढली आणि मग जुन्या आवृत्त्यांचं प्रमाण रोज बघत राहिली. शेवटी जे थोडे उरले त्यांच्यासाठी काय करायचं यावर त्यांनी धरलेला आग्रह मला फार आवडला होता. त्यांना अ‍ॅपच्या बाहेर काढायचं नाही. यादीच्या जागी एक स्पष्ट निरोप दाखवायचा, अपडेट करा, तुमचे व्यवहार सुरक्षित आहेत. कोरा पडदा बघून माणूस घाबरतो, आणि पैशाच्या बाबतीत तर जास्तच. हे त्यांनी आम्हाला सांगावं लागलं नाही, त्यांनी थेट करून दाखवलं.

अदलाबदलीची रात्र ठरवली ती हिशेब टीमने. आम्ही निवडलेली तारीख महिनाअखेरीच्या जवळ होती, त्यांनी ती पुढे ढकलायला लावली. शिवाय तपासण्याची एक पद्धत त्यांनीच दिली. दोन्ही कॉलम जुळतात का हे आम्ही क्रमांकांवरून बघणार होतोच. त्यांनी सांगितलं, दिवसवार व्यवहारांची संख्या आणि रक्कम, अदलाबदलीच्या आधी आणि नंतर, वेगवेगळ्या माणसांनी काढायची आणि मग समोरासमोर ठेवायची. हिशेब तपासणाऱ्याने तो केलेला नसावा, ही त्यांच्या कामातली जुनी शिस्त. ती आमच्या कामात आली आणि राहिली.

रात्री करायचं काम तसं छोटं. दोन कॉलमांची नावं बदलायची, आधीच तयार ठेवलेला इंडेक्स नव्या कॉलमला मुख्य म्हणून जोडायचा. सेकंदाच्या आत होतं. धोका दुसरीकडे असतो. या बदलासाठी टेबलवर पूर्ण ताबा लागतो, आणि त्या वेळी कुणाचा तरी लांबलचक अहवाल चालू असेल तर आपली आज्ञा त्याच्या संपण्याची वाट बघत थांबते. तेवढंच असतं तर चाललं असतं. पण आपण थांबलो की आपल्या मागून येणारे सगळे, अगदी नुसतं वाचायला आलेलेसुद्धा, आपल्या मागे थांबतात. अरुंद दारात एखादा अवजड कपाट घेऊन उभा राहिला की मागच्या मोकळ्या हातांच्या माणसांनाही आत जाता येत नाही, तसं. एका मिनिटात सगळी व्यवस्था ठप्प होऊ शकते, आणि बाहेरून बघणाऱ्याला कारण कळत नाही, कारण जो अहवाल चालू असतो तो तर व्यवस्थित चालू असतो. म्हणून आज्ञेच्या आधी एक ओळ लिहायची:

```sql
SET lock_timeout = '2s';
```

दोन सेकंदांत ताबा मिळाला नाही तर माघार घ्यायची, `canceling statement due to lock timeout` एवढं सांगायचं, रांग मोकळी करायची आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा. अहवाल टीमने त्या रात्रीचे आपले मोठे अहवाल आधीच पुढच्या दिवशी हलवले होते. ऑन-कॉलवर असलेल्या दोघांनी परतीच्या वाटेची प्रत्येक आज्ञा आधी लिहून, एकमेकांना वाचून दाखवली होती. जुना कॉलम आम्ही त्या रात्री काढला नाही, आणि उलट्या दिशेने लिहिणारा ट्रिगर बसवून तो भरता ठेवला, म्हणजे मागे फिरायचं झालं तर फिरता यावं. फिरावं लागलं नाही.

आणि मग काही आठवड्यांनी तो दिवस आला. क्रमांक मर्यादेजवळ पोचतोय हे सगळ्यांना माहीत होतं, ऑन-कॉल टीमच्या पडद्यावर आकडा सरकत होता. वेगवेगळ्या टीम्समधले लोक न बोलावता येऊन मागे उभे राहिले. २,१४,७४,८३,६४७ गेला. पुढचा व्यवहार २,१४,७४,८३,६४८ क्रमांकाचा. कुणाचा तरी छोटासा, रोजच्यासारखा व्यवहार, पुरा झाला. त्या माणसाला काही कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं. मागे उभ्या असलेल्यांपैकी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण कुणी लगेच जागेवर परतही गेलं नाही. या कंपनीतलं काय आठवेल असं मला कुणी विचारलं तर मी तो अर्धा तास सांगेन.

या गोष्टीत ज्यांचा उल्लेख आला नाही त्यांच्यापैकी आयटी आणि सुरक्षा टीमबद्दल लिहिणं भाग आहे, कारण त्यांनी मला नीट निघायला शिकवलं. कुणी कंपनी सोडतं तेव्हा शेवटच्या दिवशी त्याचं खातं बंद होतं, आणि त्या खात्याच्या नावावर चालणारं सगळंही त्याच क्षणी बंद पडतं. रात्री चालणारी एखादी स्क्रिप्ट, एखादं टोकन, वर्षभर पुढपर्यंत लावलेल्या बैठका, फक्त त्याच्याच फोनवर जाणारा एखादा इशारा. यादी करून यातलं सगळं सापडत नाही, कारण जे आठवत नाही तेच यादीत नसतं. सुरक्षा टीमने सुचवलं की मी इथे असतानाच माझे अधिकार काढून घ्यावेत, शेवटच्या दिवसाच्या दोन आठवडे आधी. मग काय थांबतं ते बघू. मी रोज येत होते, काम करत होते, पण सर्व्हरच्या दृष्टीने मी गेलेली होते.

दुसऱ्याच दिवशी सकाळी हिशेब टीमकडे रोज जाणारी एक फाइल पोचली नाही. ती तयार करणारं काम कधीकाळी माझ्या खात्यातून सुरू झालं होतं आणि तसंच चालत आलेलं. आता ते व्यक्तीच्या नव्हे, कामाच्या नावाच्या खात्यावर आहे. महिन्यातून एकदाच चालणारी कामं मात्र दोन आठवड्यांत सापडतीलच असं नाही, म्हणून सुरक्षा टीमने गेल्या वर्षभरात माझ्या नावाने झालेल्या नोंदी वेगळ्या काढून दिल्या आणि त्यातून आणखी एक त्रैमासिक काम सापडलं. माझी जागा घेणाऱ्या सहकाऱ्याने हे सगळं माझ्या मदतीशिवाय, मी शेजारी बसलेली असताना, स्वतः सोडवलं. तिने मला काही विचारलं नाही तेव्हा मला जितका आनंद झाला तितका कुठल्याही कौतुकाने झाला नव्हता.

इमारतीची काळजी घेणाऱ्या, उशिरा थांबलं तर दिवे चालू ठेवणाऱ्या आणि कुणी विचारलं नाही तरी चौकशी करणाऱ्या सगळ्यांचे आभार मी प्रत्यक्ष भेटून मानले आहेत. ते कदाचित हे वाचणार नाहीत.

आता पुढे काय, हे बऱ्याच जणांनी विचारलं. सगळं आत्ताच सांगता येणार नाही, कागदांवर सह्या व्हायच्या आहेत. पण एवढं सांगते की तो आकडा मला सोडत नाहीये. पुष्कळ यंत्रं वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले या हिशेबाने, आणि जिथे तो हिशेब अजून ३२ बिटांत ठेवलेला आहे तिथे तो १९ जानेवारी २०३८ रोजी, प्रमाण वेळेनुसार पहाटे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंदांनी, बरोबर २,१४,७४,८३,६४७ वर पोचतो. पुढच्या सेकंदाला त्या यंत्राला वाटतं की १३ डिसेंबर १९०१ उजाडलाय. मोठ्या संगणकांवर हे काम बहुतांशी झालेलं आहे. लिनक्सच्या ५.६ या २०२० मधल्या आवृत्तीपासून ३२ बिटांच्या यंत्रांनाही २०३८ च्या पुढे जाता येतं. प्रश्न आहे तो भिंतीत बसवलेल्या, एकदा लावल्यावर वीस-वीस वर्षं कुणी उघडून न बघितलेल्या छोट्या उपकरणांचा. त्यांतल्या कित्येकांना अपडेट पाठवायची सोयच नसते. कुठलं चालेल आणि कुठलं बदलावं लागेल हे एकेक करून तपासावं लागणार आहे.

तपासायची पहिली पायरी मला आधीच माहीत आहे. उपकरणाचं घड्याळ ३ वाजून १४ मिनिटांवर लावायचं आणि आठ सेकंद बघत राहायचं. टेस्टिंग टीम, हे तुमचंच आहे.

हँडओव्हरच्या फोल्डरमध्ये काही राहिलंय असं वाटलं तर शुक्रवारपर्यंत मला थेट विचारा. त्यानंतरचे प्रश्न ऑन-कॉलच्या नेहमीच्या नंबरवर. सोमवारपासून तिथे माझ्या जागी कोण आहे ते यादीत लिहिलेलं आहे.